मत मांडणारा निबंध: चाळीस मिनिटांची आखणी

प्रश्न: आयईएलटीएसच्या रायटिंगमध्ये दोनदा ६ बँडवर अडकलो आहे. टास्क टूमध्ये ‘सहमत की असहमत’ असा निबंध आला की इंट्रो आणि पहिला बॉडी पॅराग्राफ नीट होतो, दुसरा अर्धवट राहतो आणि कन्क्लूजन घाईत एका ओळीत उरकावं लागतं. चार पॅराग्राफ चाळीस मिनिटांत बसवायचे कसे?

उत्तर:

दुसरा पॅराग्राफ अर्धवट राहतो त्याचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांत असतं. प्रश्न वाचून दुसऱ्याच मिनिटाला लिहायला घेतलं की विचार लिहिता लिहिता करावा लागतो. मग सुचेल ते सगळं पहिल्या बॉडी पॅराग्राफमध्ये जातं. तो फुगत जातो आणि दुसऱ्यासाठी ना वेळ उरतो ना मुद्दा. हा लेखनाच्या वेगाचा प्रश्न नाही. किमान २५० शब्दांची अट आहे, २७०-२८० शब्द पुरेसे होतात, आणि त्यासाठी सत्तावीस मिनिटं ठेवली तरी मिनिटाला साधारण दहा शब्द पडतात. हा वेग कुणालाही जमतो, पण पुढचं वाक्य कशाबद्दल आहे हे आधी माहीत असेल तरच.

म्हणून घड्याळाची वाटणी अशी करा. पहिली आठ मिनिटं वाचन आणि आखणी. बाराव्या मिनिटापर्यंत इंट्रो. बाविसाव्यापर्यंत पहिला बॉडी पॅराग्राफ, बत्तिसाव्यापर्यंत दुसरा, पस्तिसाव्यापर्यंत कन्क्लूजन. उरलेली पाच मिनिटं तपासणीची. शब्दांत सांगायचं तर इंट्रो ४५ च्या आसपास, दोन्ही बॉडी पॅराग्राफ ९० ते ९५, कन्क्लूजन ४० च्या आत. लक्षात ठेवा, दोन्ही टास्कना मिळून सलग साठ मिनिटं असतात आणि वीस मिनिटं झाली असं मध्येच कुणी सांगत नाही. टास्क टूचं वजन टास्क वनच्या दुप्पट आहे. टास्क वन सजवत बसून चाळीसची तीस मिनिटं करून घेणं हा सगळ्यात महागात पडणारा व्यवहार आहे.

आता खरी मेहनत त्या आठ मिनिटांची. एक प्रश्न घेऊन ती करून दाखवतो. सगळी वाक्यं मी मराठीत देतो आहे, कारण इथे पाहायची आहे ती विचाराची बांधणी. परीक्षेत अर्थातच ती इंग्रजीत लिहायची.

समजा प्रश्न असा आहे: ‘काही लोकांच्या मते प्राथमिक शाळेतल्या मुलांना गृहपाठ मुळीच देऊ नये. या मताशी तुम्ही कितपत सहमत किंवा असहमत आहात?’

बहुतेक जण यातून ‘गृहपाठ’ हा एकच शब्द उचलतात आणि गृहपाठाचे फायदे-तोटे लिहितात. पण तो प्रश्नच नाही. इथे दोन शब्दांनी कुंपण घातलं आहे: ‘प्राथमिक’ आणि ‘मुळीच’. दहावीच्या मुलांचं उदाहरण दिलं की तुम्ही पहिल्या कुंपणाबाहेर गेलात. ‘गृहपाठ जास्त देऊ नये’ असं मत मांडलं की दुसऱ्या कुंपणाबाहेर, कारण प्रश्न कमी-जास्तीचा नाही, अजिबात नसावा की काय असा आहे. ‘सर्व’, ‘फक्त’, ‘सर्वांत महत्त्वाचं’, ‘मुळीच’ असे टोकाचे शब्द प्रश्नात दिसले की त्यांना खूण करा. तुमचं मत त्या शब्दाला उत्तर देणारं हवं.

मत ठरवताना पूर्ण सहमत, पूर्ण असहमत आणि अंशतः सहमत हे तिन्ही मार्ग खुले असतात. परीक्षक तुमच्या मताला गुण देत नाही, ते स्पष्ट आहे का आणि शेवटपर्यंत टिकतं का हे पाहतो. पूर्ण सहमती किंवा असहमती सांभाळायला सोपी. अंशतः सहमती तेव्हाच घ्या जेव्हा रेघ नेमकी कुठे ओढायची हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येतं. नुसतं ‘आय पार्शली अग्री’ लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. आपल्या प्रश्नात रेघ अशी ओढता येते: लेखी गृहपाठ पूर्ण बंद व्हावा, पण घरी रोज थोडं वाचन राहावं. ‘मुळीच’ या शब्दाला हे नेमकं उत्तर आहे, आणि त्यातच दोन बॉडी पॅराग्राफ तयार आहेत. पहिला लेखी कामाबद्दल, दुसरा वाचनाबद्दल.

आठव्या मिनिटाला कच्च्या कागदावर एवढं असावं:

मत – लेखी नको, वाचन हवं.
१ – लेखी: घरी चूक दाखवणारं कुणी नसतं → चूकच पक्की होते → उदा. वजाबाकी.
२ – वाचन: सरावाला वेळ लागतो → वर्गात तो मिळत नाही → उदा. ३० मुलं, ४० मिनिटं.

पूर्ण वाक्यं नकोत, बाणांनी जोडलेले तुकडे पुरेत. मात्र हे तुकडे इंग्रजीत लिहा. एखादा मुद्दा मराठीत फार छान सुचतो आणि लिहायला घेतल्यावर त्याचे शब्दच इंग्रजीत येत नाहीत, असं अठराव्या मिनिटाला कळण्यापेक्षा पाचव्या मिनिटाला कळलेलं बरं. दोन मुद्द्यांपैकी निवड करायची वेळ आली तर ज्याचे शब्द तुमच्याकडे आहेत तो घ्या, जास्त हुशार वाटणारा नव्हे.

आखणी झाली की तिच्यावर एकदा स्वतःच आक्षेप घेऊन पाहा. वरच्या आखणीत एक भोक आहे. ‘घरी चूक दाखवणारं कुणी नसतं’ हे कारण लेखी कामाला लागू असेल, तर वाचनालाही लागू नाही का? मूल शब्द चुकीचा वाचेल तेव्हा तरी कोण सांगणार? तिखट वाचकाला हे लगेच दिसतं. उत्तर आहे: सोपी गोष्ट वाचताना शब्द चुकला तर वाक्याचा अर्थच बिघडतो, आणि मूल आपणहून मागे जाऊन पुन्हा वाचतं. चुकलेल्या वजाबाकीत मात्र उत्तराकडे पाहून काही बिघडल्यासारखं वाटत नाही. हे एक वाक्य दुसऱ्या पॅराग्राफमध्ये गेलं की दोन्ही पॅराग्राफ एकमेकांना धरून उभे राहतात. अशी दुरुस्ती आखणीत अर्ध्या मिनिटाची असते. लिहून झाल्यावर तीच करायला अख्खा पॅराग्राफ खोडावा लागतो.

इंट्रोला दोन वाक्यं पुरतात. पहिल्यात प्रश्नातलं मत स्वतःच्या शब्दांत, दुसऱ्यात तुमचं मत रेघेसकट. ‘लहान विद्यार्थ्यांना शाळेनंतर कोणतंही काम देऊ नये असं काहींना वाटतं. लेखी कामाबाबत मी याच्याशी सहमत आहे, मात्र घरच्या थोड्या वाचनाला अपवाद करावा असं माझं मत आहे.’ एवढंच. ‘आजच्या आधुनिक युगात’ किंवा ‘शिक्षण हा जीवनाचा पाया आहे’ अशा पाठ केलेल्या सुरुवातीने पंचवीस-तीस शब्द जातात आणि गुण काहीच मिळत नाहीत, कारण ते वाक्य कुठल्याही निबंधाला चिकटवता येतं. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे प्रश्नातला प्रत्येक शब्द बदलायचा हट्ट. ‘होमवर्क’ला ‘होमवर्क’च म्हणा. त्याचं ‘डोमेस्टिक असाइनमेंट’ केलं की अर्थ हरवतो. ‘प्रायमरी स्कूल चिल्ड्रन’चं ‘यंग पुपिल्स’ चालेल, ‘टीनेजर्स’ चालणार नाही. आणि प्रश्नातली ओळ जशीच्या तशी उतरवू नका, उतरवलेला भाग तुमचं लेखन म्हणून धरला जात नाही.

बॉडी पॅराग्राफवर मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण ६ आणि ७ बँडमधला फरक बहुधा इथेच पडतो. ६ बँडच्या वर्णनात म्हटलं आहे की मुख्य मुद्दे विषयाला धरून असतात, पण त्यातले काही पुरेसे विकसित नसतात. ७ मध्ये ते विस्तारलेले आणि आधार दिलेले असावे लागतात. हा विस्तार म्हणजे काय, ते दोन पॅराग्राफ शेजारी ठेवून पाहू.

पहिला असा: ‘गृहपाठामुळे मुलांवर ताण येतो. शिवाय त्यांना खेळायला वेळ मिळत नाही. तसेच पालक दमलेले असतात आणि त्यांना मदत करता येत नाही. त्यामुळे गृहपाठ वाईट आहे.’ चूक कुठेच नाही. पण तीन मुद्दे आहेत, प्रत्येकाला एक ओळ मिळाली आहे, आणि एकही पुढे सरकलेला नाही.

दुसरा असा: ‘लेखी गृहपाठाविरुद्धचं सगळ्यात मोठं कारण हे की मूल तो एकट्याने करतं आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त होत नाही. वर्गात शिक्षक पहिल्याच चुकीला थांबवू शकतात. घरी तीच चूक वीस गणितांत वीसदा गिरवली जाते. उदाहरणार्थ, नुकतीच वजाबाकी शिकलेलं मूल ५२ मधून २७ वजा करताना प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं आणि ३५ लिहितं. पानभर अशी उत्तरं लिहून झाल्यावर त्याला ती पद्धत बरोबरच वाटू लागते. दुसऱ्या दिवशी शिक्षकाला नवं शिकवण्याआधी हे शिकलेलं मोडावं लागतं, म्हणजे ज्या सरावाने मदत व्हायची त्यानेच मूल मागे पडतं.’

मुद्दा एकच आहे. पहिलं वाक्य दावा करतं, दुसरं आणि तिसरं कारण उलगडतात, चौथं नेमकी परिस्थिती दाखवतं, पाचवं त्यातून काय होतं ते सांगतं आणि सहावं पुन्हा प्रश्नाशी आणून जोडतं. इंग्रजीत हा पॅराग्राफ शंभरच्या आसपास शब्दांत बसतो, थोडी काटछाट केली की नव्वदपर्यंत येतो.

लिहिताना स्वतःला तपासायची सोपी रीत: प्रत्येक वाक्यानंतर ‘म्हणजे कसं?’ किंवा ‘मग काय होतं?’ असं विचारा. पुढचं वाक्य त्या प्रश्नाचं उत्तर देत असेल तर पॅराग्राफ पुढे चालला आहे. पुढचं वाक्य ‘मोअरओव्हर’ने सुरू होत असेल तर तुम्ही बहुधा पहिला मुद्दा तसाच सोडून नव्याकडे उडी मारली आहे. जोडशब्दांबद्दलही एवढंच सांगेन. वाक्यागणिक ‘फर्स्टली’, ‘फरदरमोअर’, ‘इन अ‍ॅडिशन’ ठेवल्याने सुसंगती येत नाही. ६ बँडच्या वर्णनात यांत्रिक जोडणी हा दोष म्हणूनच नोंदवलेला आहे. वरच्या पॅराग्राफमध्ये ‘तीच चूक’, ‘अशी उत्तरं’, ‘ती पद्धत’, ‘हे शिकलेलं’ यांनी वाक्यं बांधली आहेत. इंग्रजीत ‘धिस’, ‘सच’, ‘द सेम’ हे काम करतात.

उदाहरणाबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. ‘एका विद्यापीठाच्या संशोधनानुसार ७८ टक्के मुलं…’ अशी मनातून रचलेली आकडेवारी घातली की निबंध वजनदार होतो असं वाटतं. तसं काही होत नाही. प्रश्नपत्रिकेतच तुमच्या ज्ञानातून किंवा अनुभवातून उदाहरण द्या असं म्हटलेलं असतं. ५२ वजा २७ चं साधं उदाहरण मुद्दा कसा घडतो ते दाखवतं, ७८ टक्के काहीच दाखवत नाहीत.

दुसऱ्या पॅराग्राफची सुरुवात वळण घेऊन करा: ‘वाचनाला मात्र हे कारण लागू होत नाही.’ मग आधी पाहिलेलं भोक बुजवणारं वाक्य: चुकलेला शब्द अर्थ बिघडवतो, म्हणून मूल स्वतः मागे वळतं. त्यानंतर घरीच का, तर वाचन ओघवतं व्हायला रोज सलग वेळ लागतो आणि वर्गात तो वाट्याला येत नाही. उदाहरण साध्या भागाकाराचं: तीस मुलांचा वर्ग, चाळीस मिनिटांचा तास, सगळा तास मोठ्याने वाचनाला दिला तरी प्रत्येकाला एक मिनिट वीस सेकंद. घरी दहा मिनिटं वाचलं तर एका संध्याकाळी सात-आठ तासिकांइतका सराव होतो. शेवटी प्रश्नाकडे परत: म्हणून बंदी ‘मुळीच’ म्हणण्याइतकी सरसकट नसावी, तिला हा एक अपवाद असावा.

‘सहमत की असहमत’ या प्रकारात विरुद्ध बाजू वेगळ्या पॅराग्राफमध्ये मांडणं सक्तीचं नाही. ‘दोन्ही मतांची चर्चा करा आणि तुमचं मत द्या’ असा प्रश्न असेल तर मात्र दोन्ही बाजू आल्याच पाहिजेत. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळल्याने चांगल्या इंग्रजीचे निबंधही घसरतात.

कन्क्लूजनला दोन वाक्यं. नवा मुद्दा नको, सल्ला नको, ‘सरकारने पावलं उचलावीत’ हे तर नकोच. धोका असतो मत घसरण्याचा. इंट्रोत ‘लेखी नको, वाचन हवं’ म्हटलं आणि शेवटी ‘थोडक्यात गृहपाठाचे फायदेही आहेत आणि तोटेही’ असं लिहिलं, की परीक्षकाला तुमचं मत अस्पष्ट ठरवावं लागतं. हे टाळायला इंट्रोचं दुसरं वाक्य डोळ्यांसमोर ठेवून कन्क्लूजनचं पहिलं लिहा. शब्द वेगळे, रेघ तीच. दुसऱ्या वाक्यात दोन्ही कारणांचा गाभा: एकट्याने केलेला लेखी सराव चुका पक्क्या करतो, वाचनाला मात्र वर्गात न मिळणारा वेळ घरीच मिळतो.

आता तुमच्या मूळ अडचणीवरचा थेट उपाय. बाविसावं मिनिट ही पक्की सीमा माना. पहिला बॉडी पॅराग्राफ अजून चालू असेल तर हातातलं वाक्य पूर्ण करा आणि दुसऱ्याकडे जा, उदाहरण राहिलं तरी चालेल. एक पॅराग्राफ १३० शब्दांचा आणि दुसरा ४० चा, यापेक्षा ८५ आणि ८५ केव्हाही चांगले, कारण तुमच्या मताचा अर्धा भाग दुसऱ्या पॅराग्राफवर उभा आहे. तसंच बत्तिसाव्या मिनिटाला दुसरा पॅराग्राफ तोडा. कन्क्लूजन राहून जाणं परवडत नाही, एक वाक्य का होईना, पूर्ण असू द्या.

संगणकावर परीक्षा देत असाल तर आणखी एक सोय आहे. आठव्या मिनिटाला इंट्रोचं मताचं वाक्य आणि दोन्ही बॉडी पॅराग्राफची पहिली वाक्यं आधीच टाइप करून ठेवा आणि मग मधल्या जागा भरा. शब्दसंख्या आणि उरलेला वेळ पडद्यावर दिसतो, त्यामुळे पॅराग्राफ फुगतो आहे हे ताबडतोब कळतं. स्पेलिंग तपासून मात्र मिळत नाही. कागदावर लिहिणाऱ्यांनी सरावात आपल्या एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात ते मोजून ठेवावं. दहा बसत असतील तर बॉडी पॅराग्राफ नऊ-दहा ओळींचा, हे नजरेनेच कळतं आणि परीक्षेत शब्द मोजत बसावं लागत नाही.

सरावात दर वेळी पूर्ण निबंध लिहू नका. आठवड्यात चार प्रश्न घेऊन फक्त आठ मिनिटांची आखणी करा आणि तिथेच थांबा. दुसऱ्या दिवशी ती आखणी पाहून निबंध लिहिता येईल का, हे स्वतःला विचारा. ‘लेखी – ताण – वाईट’ एवढंच लिहिलेलं सापडलं, तर बाण कुठे थांबले ते दिसेल.

शेवटची पाच मिनिटं अर्थासाठी वाचू नका. त्या वेळी अर्थात सापडलेली चूक सुधारायला वेळ नसतो आणि उगाच खाडाखोड होते. तीनच गोष्टी शोधा. पहिली, कर्ता एकवचनी असताना क्रियापदाचा ‘एस’ राहिला का. दुसरी, ‘अ’ आणि ‘द’: मराठीत आर्टिकल नाहीत, त्यामुळे ती गळाली तरी आपल्या कानाला खटकत नाहीत, म्हणून प्रत्येक एकवचनी नामाच्या आधी बोट ठेवून पाहावं लागतं. तिसरी, ज्यांचं अनेकवचन होत नाही अशी नामं. वरच्याच निबंधात ‘होमवर्क्स’ दोन-तीनदा येण्याचा संभव आहे. ‘अ‍ॅडव्हाइसेस’ आणि ‘इन्फर्मेशन्स’ त्याच जातीतले. ७ बँडसाठी निर्दोष वाक्यं वारंवार दिसावी लागतात, आणि एका ‘एस’मुळे एरवी बरोबर असलेलं वाक्य त्या मोजणीतून बाहेर जातं.